‘आमच्या गावच्या विठ्ठल मंदिराला’

आत्याच्या मृत्युपत्रात देवासाठी एकच वाक्य होतं : “बँकेतल्या माझ्या ठेवीतले पाच लाख रुपये आमच्या गावच्या विठ्ठल मंदिराला धर्मार्थ द्यावेत.” दोन साक्षीदारांच्या सह्या होत्या, नोंदणीही झालेली होती. व्यवस्थापक म्हणून तिनं माझं नाव घातलं होतं, त्यामुळे अंमलबजावणी माझ्याकडे आली आणि त्या वाक्यातला एकेक शब्द आडवा येऊ लागला.

पहिला प्रश्न, आमचं गाव कोणतं? बाईला गावं दोन असतात. आत्याच्या माहेरीही विठ्ठलाचं देऊळ आहे आणि सासरीही. दोन्हीकडची मंडळी हक्कानं भेटायला आली. मृत्युपत्रातलं वर्णन दोन ठिकाणी लागू पडत असेल, तर कोणतं ठिकाण अभिप्रेत होतं हे दाखवायला बाहेरचा पुरावा चालतो, असं वकिलांनी सांगितलं. आत्याच्या कपाटातल्या डब्यात देणगीच्या पावत्यांची चळत सापडली. सगळ्या सासरच्या देवळाच्या. त्या दाखवल्यावर माहेरच्या मंडळींनी हरकत नसल्याचं लिहून दिलं. पावत्या नसत्या तर प्रकरण कोर्टात गेलं असतं.

त्या पावत्यांवरचं नाव मात्र देवळाच्या कमानीवरच्या नावापेक्षा वेगळं होतं. शिवाय देवळाची जीर्णोद्धार समिती वेगळी, नोंदणी नसलेली, आणि तिचं बँक खातं निराळंच. पैसे कुणाच्या नावे द्यायचे? महाराष्ट्रात सार्वजनिक देवस्थानांची आणि धर्मादाय संस्थांची नोंद धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात असते. तिथल्या परिशिष्ट एकच्या उताऱ्यात न्यासाचं नोंदलेलं नाव, नोंदणी क्रमांक, पत्ता आणि विश्वस्तांची नावं मिळतात. मृत्युपत्र लिहिण्याआधी हा उतारा काढावा आणि नाव त्यावरून अक्षरशः उतरवावं. देऊळ एखाद्या घराण्याचं खासगी असेल तर तिथे असा क्रमांक मिळणार नाही, हेही तेव्हाच कळतं.

दुसरा घोळ ठेवीचा. मृत्युपत्र केलं तेव्हाची ठेव मुदत संपून मोडली गेली होती आणि त्या पैशांत भर घालून नवी ठेव झाली होती. तिच्यावर आत्याच्या पुतण्याचं नामनिर्देशन होतं. बँकेनं पैसे त्याला दिले. नामनिर्देशित माणूस मालक होत नाही, वारसांच्या वतीनं रक्कम ताब्यात घेतो. पण हे त्याला पटेपर्यंत बरीच कटुता झाली. शिवाय विशिष्ट ठेवच देवाला दिली आणि मृत्यूच्या वेळी ती अस्तित्वातच नसेल, तर ते दान निष्फळ ठरू शकतं. म्हणून ठेवीचा उल्लेख टाळावा. रक्कम लिहावी आणि ती एकूण मिळकतीतून द्यावी असं म्हणावं.

राहिला ‘धर्मार्थ’. 1899 मध्ये मुंबई इलाख्यातल्या एका खटल्यात केवळ ‘धर्म’ यासाठी ठेवलेलं दान प्रिव्ही कौन्सिलनं संदिग्ध म्हणून रद्द ठरवलं होतं. 1950 च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त कायद्यानं आपल्याकडे ही अडचण दूर केली. धर्म, पुण्यकार्य असे उद्देश केवळ संदिग्ध म्हणून आता रद्द होत नाहीत. पण दान कायद्यात टिकलं म्हणून वाद मिटतोच असं नाही. विश्वस्तांना सभामंडपाची फरशी करायची होती, नातेवाईक म्हणत होते आत्याला अन्नदान हवं होतं. कागद दोघांच्याही बाजूनं बोलत होता. शेवटी फरशी झाली.

आता कुणी विचारलं तर मी हा मजकूर देतो, तोही वकिलांना दाखवून घ्या म्हणून :

“माझी देणी व अंत्यविधीचा खर्च भागवून माझ्या एकूण मिळकतीतून रु. 5,00,000/- (अक्षरी रुपये पाच लाख फक्त) अमुक न्यास, नोंदणी क्रमांक अमुक, पत्ता अमुक गाव, तालुका, जिल्हा, यांस द्यावेत. ही रक्कम कायम निधी म्हणून ठेवून तिच्या व्याजातून कार्तिकी द्वादशीच्या पारण्याचे अन्नदान करावे. ते शक्य नसल्यास व्याज मंदिराच्या नित्य पूजेसाठी वापरावे. माझ्या मृत्यूसमयी हा न्यास अस्तित्वात नसल्यास रक्कम तमुक न्यासास द्यावी. न्यासाच्या अधिकृत विश्वस्तांची पावती मिळताच व्यवस्थापकाची जबाबदारी संपेल.”

शेवटची ओळ व्यवस्थापकाच्या बचावासाठी आहे. पुढे पैसा कसा खर्च झाला याचा जाब त्याला कुणी विचारू नये. आणि साक्षीदार त्या देवस्थानाचे विश्वस्त नसावेत. कायद्यापेक्षा इथे संशयाची भीती मोठी : उद्या एखादा नाराज वारस म्हणेल, यांनीच लिहून घेतलं.

फ्लॅट देवाला द्यायचा विचार असेल तर तो विकून येणारी रक्कम द्यावी, असं लिहा. न्यासाच्या नावावर घर चढलं की पुढे विकायला धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, आणि तोवर बंद घराचा देखभाल खर्च देवस्थानाच्या माथी बसतो.