घरबसल्या दान पाठवताना: नाव जोडण्याआधी थांबा



वसतिगृहाच्या धान्यासाठी दर तिमाहीला दान पाठवणाऱ्या काही ज्येष्ठ सभासदांनी विचारले की बँकेत रांग न लावता हे पैसे नेट बँकिंगने कसे पाठवावेत. खजिनदार या नात्याने मी त्यांना जे सांगतो, ते येथे क्रमाने लिहितो. उदाहरण म्हणून तिमाहीला १,५०० रुपये देणारे एक कुटुंब घेऊ.

पहिले काम नोंदणीचे. पासबुक, एटीएम कार्ड आणि खात्याला जोडलेला मोबाइल जवळ घेऊन बसा. मोबाइल नंबर बदलला असेल तर आधी शाखेत जाऊन तो नोंदवा, कारण ओटीपी त्याच नंबरवर येतो. बँकेचे संकेतस्थळ शोधयंत्रात शोधू नका, तेथे नकली पानेही दिसतात. पत्ता स्वतः टाइप करा. रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने आता बँकांचे पत्ते `.bank.in` ने संपतात, तेवढे तपासा. स्टेट बँकेत खाते क्रमांक, सीआयएफ क्रमांक व शाखेचा कोड विचारतात. हे तिन्ही पासबुकात सापडतात. मग ओटीपी व एटीएम कार्डाने खात्री होते आणि आपण आपले युजरनेम व पासवर्ड ठरवता. एटीएम कार्ड नसेल तर शाखेतून नोंदणी सुरू करून मिळते.

दुसरे काम मर्यादेचे. बँक स्वतःहून दिवसाला पुष्कळ मोठी रक्कम पाठवण्याची मुभा ठेवते. आपल्या कुटुंबाला १,५०० रुपयेच पाठवायचे आहेत, तर रोजची मर्यादा ५,००० पुरे. उद्या कोणाच्या हाती आपला पासवर्ड लागला, तरी नुकसान तेवढ्यावर अडते. मात्र ही मर्यादा ओटीपीने पुन्हा वाढवता येते. म्हणून ओटीपी दुसऱ्याला सांगितला, तर या कुंपणाचा उपयोग राहत नाही.

तिसरे काम सर्वांत जपून करायचे: ज्याला पैसे पाठवायचे त्याचे नाव जोडणे. पडद्यावर ते `Add Beneficiary` अशा नावाने दिसते. तेथे खात्याचे नाव, खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड भरावा लागतो. हा कोड ११ अक्षरांचा असतो आणि त्यातील पाचवे अक्षर नेहमी शून्य असते. तेथे इंग्रजी ओ टाइप केला तर कोड चालत नाही.

एनईएफटीमध्ये पैसे जमा होतात ते केवळ खाते क्रमांक पाहून. आपण टाइप केलेले नाव जुळते की नाही, हे जमा करताना तपासले जात नाही. दोन आकडे उलटसुलट झाले आणि तो क्रमांक दुसऱ्या कोणाचा निघाला, तर पैसे त्याच्याकडे जातात आणि त्याच्या संमतीशिवाय ते परत मिळणे कठीण असते. यावर उपाय म्हणून एप्रिल २०२५ पासून बँकांनी खातेदाराचे नोंदलेले नाव आधी दाखवण्याची सोय केली आहे. ते नाव सावकाश वाचा. संस्थेच्या नावाऐवजी एखाद्या व्यक्तीचे नाव दिसले, तर तेथेच थांबा.

या नावापुढे वेगळी मर्यादा विचारली, तर १,५०० लिहा. नवीन नाव जोडल्यावर बऱ्याच बँका काही तास मोठी रक्कम पाठवू देत नाहीत. तो वेळ वाया गेला असे समजू नका. आधी एक रुपया पाठवा आणि आपल्या जुन्या पावतीवर छापलेल्या नंबरवर फोन करून तो पोहोचला का, हे विचारा. होकार आला की उरलेले १,४९९ पाठवा. शेऱ्याच्या जागी आपले नाव व ‘वसतिगृह’ लिहा, म्हणजे मला पावती योग्य नावाने फाडता येते.

‘संस्थेचे खाते बदलले आहे, दान या नव्या क्रमांकावर पाठवा,’ असा निरोप पाळकसाहेबांच्या फोटोसह आला, तरी नवे नाव जोडू नका. निरोपातल्या नंबरवर फोन केलात, तर लबाडच होकार देईल. पावतीवरच्या नंबरवरच विचारा. आपण स्वतः जोडलेल्या नावावर स्वतःच पाठवलेले पैसे बँक सहसा भरून देत नाही. फसवणूक झालीच, तर लाज न बाळगता लगेच १९३० या सरकारी क्रमांकावर आणि आपल्या बँकेत कळवा. पैसे पुढच्या खात्यातून काढले जाण्याआधी तक्रार पोहोचली, तर ते गोठवता येतात.

प्रभूच्या सेवेत आपला,
खजिनदार