छोट्या टू बीएचकेच्या जाहिरातीत आधी काय लिहावे?

घर विकत घेणाऱ्याला जे पुढे बदलता येत नाही, ते आधी लिहावे: जागा, उजेड, पार्किंग. टाइल्स, रंग, मॉड्युलर किचन या गोष्टी नंतर येतात. संकेतस्थळांवरील यादीत बहुधा पहिली एक-दोन वाक्येच दिसतात, म्हणून ‘सुंदर, प्रशस्त घर’ अशी सुरुवात वाया जाते.

समजा, जबलपूरच्या नेपियर टाउनमध्ये दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेला ६२० चौरस फुटांचा फ्लॅट आहे. पहिले वाक्य असे हवे: ‘नेपियर टाउन, मदन महल स्टेशनजवळ, दोन्ही बेडरूमना खिडक्या, स्वतंत्र झाकलेले पार्किंग.’ स्टेशन खरोखर चालत गाठता येत असेल, तर लागणारी मिनिटेही द्यावीत.

दुसऱ्या वाक्यात कार्पेट एरिया सांगावा. २०१६ च्या रेरा कायद्यानुसार त्यात आतल्या भिंती धरतात. बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरत नाहीत. बाल्कनी वेगळी सांगितली की छोटे घरही नीट कळते. सुपर बिल्टअपचा फुगवलेला आकडा प्रत्यक्ष भेटीत उघडा पडतो आणि सौदा तिथेच मोडतो.

त्यानंतर पाणी, देखभालखर्च, इमारतीचे वय. लिफ्ट नसल्याचे मजल्यासोबतच स्पष्ट लिहावे. म्हणजे जिना नको असणारे लोक आधीच वगळले जातात. फोन करणारे पुन्हापुन्हा एकच गोष्ट विचारत असतील, तर ती वर आणावी.