चातुर्मासात एसआयपी अडते

प्रश्न: मी लग्नांचे फोटो काढतो. सीझनमध्ये महिन्याला लाखभर मिळतात, चातुर्मासात जेमतेम 15 हजार. एसआयपी बाउन्स होते. काय करावे?

उत्तर: बँकेतून थेट जाणारी एसआयपी तूर्त बंद करा. बाउन्स झाली की बँक दंड लावते आणि मासिक एसआयपीचे लागोपाठ तीन हप्ते चुकले, तर ती रद्दच होते. घरखर्च 30 हजार धरला, तर चातुर्मासाच्या चार महिन्यांत 60 हजार कमी पडतील. सीझनच्या कमाईतून आधी कराचे पैसे काढा, मग हे 60 हजार वेगळ्या खात्यात ठेवा. लग्नसराईत नवी लेन्स खुणावेल, तेव्हाही त्यांना हात लावू नका. त्यावर उरेल ते लिक्विड फंडात टाकून त्याच फंड कंपनीच्या इक्विटी फंडात दरमहा एसटीपी लावा. हप्ता लिक्विड फंडातूनच वळता होतो, त्यामुळे बँक खाते रिकामे असले तरी अडत नाही.