प्रोफाइल कोरियात, नजर गावातली

अंबाजोगाईच्या वसतिगृहांतल्या मुलींना कोरियन मालिकांचा आणि गाण्यांचा नाद लागला, त्याला आता बरीच वर्षं झाली. त्यांतल्या काहींच्या मोबाइलवर कोरियन लोकांशी ओळख जुळवून देणारी ॲपंही आली. मला कोरियन वाचता येतं हे एकीला कळलं की दहाजणींना कळतं. मग "मावशी, एवढं वाचून सांगा की" म्हणत मोबाइल पुढं येतो. प्रश्न बहुतेकींचा एकच असतो: "ह्याच्यात आपल्याकडचं कुणी बघणार नाही ना?" सोलमधल्या अनोळखी माणसाची त्यांना तेवढी धास्ती नसते, जेवढी गेवराईच्या चुलतभावाची असते. मला ती धास्ती खरी वाटते, म्हणून मी सेटिंग त्याच अंगानं वाचते. त्यातून जे हाती लागलं ते इथं लिहिते.

१. मला कोण दिसावं आणि मी कुणाला दिसावी, ही दोन वेगळी कुलपं आहेत.

सगळ्यात जास्त फसगत इथंच होते. वय, अंतर, देश असे फिल्टर समोरच असतात. पोरगी देशाच्या रकान्यात कोरिया निवडते आणि समजते की आता आपल्याला फक्त कोरियन माणसंच बघणार. बहुतेक ॲपांत तो फिल्टर तिच्या पडद्यावर कोण येणार एवढंच ठरवतो. माजलगावच्या ज्या मुलानं कुठलाच फिल्टर लावलेला नाही, त्याच्या पडद्यावर ही येऊ शकते. तिला तो दिसणार नाही, म्हणून तिला ते कळणारही नाही.

आपण कुणाला दिसायचं ते ठरवणारं सेटिंग फिल्टरमध्ये नसतं, ते आत खात्याच्या पानावर असतं. कोरियन पडद्यावर तिथं 프로필 공개 म्हणजे प्रोफाइल उघडं ठेवणं, किंवा 프로필 숨기기 म्हणजे ते लपवणं, अशा पाट्या शोधायच्या. लपवल्यावर नव्या माणसांना आपण दिसत नाही. पण ज्यांच्याशी आधीच जुळलेलं आहे, त्यांच्या गप्पांच्या यादीत आपले फोटो बहुधा तसेच राहतात. काही ॲपं "मी पसंत केलेल्यांनाच मी दिसावी" अशी सोय देतात, ती बहुतेक पैसे भरून मिळते. पैसे भरण्याआधी त्या पाटीखालची बारीक अक्षरं वाचावीत. आपण ऑनलाइन आहोत हे सांगणारा हिरवा ठिपका त्या सोयीनं बंद होतो का, आणि आपण कुणाचं प्रोफाइल उघडलं की त्याच्या 'पाहुण्यां'च्या यादीत आपलं नाव जातं का, हे तिथंच कळतं.

खात्री करायची तर ज्या मैत्रिणीचं त्याच ॲपवर आधीपासून खातं आहे, तिला शेजारी बसवायचं. तिनं आपले सगळे फिल्टर सैल करायचे आणि शोधायचं. अर्थ लावताना मात्र सावध राहावं. तिला आपण एकदा जरी दिसलो, तर कुलूप उघडं आहे हे सिद्ध झालं. न दिसल्यानं काहीच सिद्ध होत नाही, कारण ॲप एका दमात सगळ्यांना दाखवत नाही. चार दिवसांनी पुन्हा बघावं.

२. ओळखीच्यांना टाळण्याची सोय नंबरावर चालते, नात्यावर नाही.

कोरियात ही सोय फार लोकप्रिय आहे. 지인 차단 किंवा 아는 사람 만나지 않기 अशी पाटी असते. ती दाबली की ॲप आपल्या मोबाइलमधले नंबर मागतं, त्या नंबरांवर कुणी सभासद आहे का बघतं आणि तुम्हा दोघांना एकमेकांपासून लपवतं. ऐकायला छान आहे. पण आपल्याकडं लावून बघा.

समजा मुलीच्या मोबाइलमध्ये चुलतभावाचा नंबर आहे. तो ॲपवर त्याच नंबरानं आला असेल तर अडेल. तो ई-मेलनं आला असेल, किंवा दुसऱ्या सिमवरून, तर अडणार नाही. आणि आपल्या भागात दोन सिम नसलेला पोरगा दाखवा. वडिलांच्या ओळखीचे, आईच्या माहेरचे, गल्लीतले, कॉलेजचे शिपाई, यांच्याकडं हिचा नंबर असतो पण हिच्याकडं त्यांचा नसतो. म्हणजे ज्यांची खरी अडचण, तेच या जाळीतून निसटतात.

आणखी एक तांत्रिक खोच आहे. कोरियातला मोबाइल नंबर 010 नं सुरू होतो आणि ॲपचा देशाचा आकडा मुळात +82 असतो. आपल्याकडं लोक दहा आकडे टाकून मोकळे होतात. ॲपनं ते दहा आकडे भारताचे धरले नाहीत, तर जुळणी होत नाही आणि कुठं चूकही दाखवली जात नाही. म्हणून ज्यांना टाळायचंच आहे, त्यांचे नंबर आधी +91 लावून साठवावेत आणि मग यादी द्यावी. अडवलेल्यांची संख्या ॲप दाखवत असेल तर ती जरूर बघावी. यादीत अडीचशे नंबर आणि अडवलेले शून्य, असं दिसलं तर एक तर आपल्या नात्यात कुणीच त्या ॲपवर नाही, नाहीतर जुळणीच झालेली नाही. कुठलं खरं, ते त्याच ॲपवर आपल्या नंबरानं आलेल्या मैत्रिणीचा नंबर यादीत घालून तपासता येतं.

यात एक गोष्ट मला टोचते. संपर्कयादी दिली की आजीचा, सरांचा, गावच्या दवाखान्याचा नंबरही त्यांना न विचारता परदेशी कंपनीकडं गेला. जिथं नंबर एकेक करून हातानं घालता येतात, तिथं मी पाच-सात नंबर घालायला सांगते आणि पूर्ण यादीची परवानगी नाकारायला लावते.

३. "२ किलोमीटर अंतरावर" हे वाक्य सोलमध्ये वेगळं आणि धारूरमध्ये वेगळं.

सोलमध्ये दोन किलोमीटरच्या वर्तुळात हजारो माणसं राहतात, त्यामुळे अंतर दाखवलं तरी माणूस गर्दीत लपतो. ही ॲपं त्याच शहरासाठी बांधलेली असतात. आपल्या लहान गावात एवढ्या वर्तुळात त्या वयाची, कोरियन ॲप वापरणारी मुलगी एखादीच असायची. मग फोटो धूसर ठेवला आणि नाव बदललं, तरी उपयोग काय?

कसं शोधतात ते एकदा मी कागदावर काढून दाखवलं. एखाद्यानं परळीत ॲप उघडलं आणि अंतर वीसएक किलोमीटर दिसलं. दुसऱ्या दिवशी केजमध्ये उघडलं, तर तीसएक. परळी आणि केजच्या मध्ये, या दोन्ही अंतरांवर बसणारं मोठं गाव म्हणजे अंबाजोगाई, हे कळायला नकाशाही लागत नाही. आता तो अंबाजोगाईच्या बसस्थानकावर उतरून आकडा बघतो, मग मेडिकल कॉलेजकडं जाऊन बघतो. आकडा कुठं घटतो आणि कुठं वाढतो यावरून गल्लीपर्यंत पोचता येतं. एसटीचं तिकीटही नको, मोबाइलला खोटं ठिकाण सांगणारी ॲपं मिळतात. हे माझ्या मनचं नाही. टिंडरमध्ये अंतराच्या आकड्यातून अचूक ठिकाण काढता येत होतं, हे एका सुरक्षा कंपनीनं २०१४ मध्ये जाहीर केलं. बेल्जियमच्या लूवेन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ मध्ये १५ डेटिंग ॲपं तपासली, तेव्हा काहींत याच जातीची फट सापडली. फट दाखवल्यावर कंपन्या ती बुजवतात, पण तोवर ती उघडीच असते.

म्हणून अंतर लपवायची सोय असेल तर ती आधी चालू करावी. कोरियन पडद्यावर ती 거리 म्हणजे अंतर या शब्दाजवळ सापडते. दुसरा उपाय ॲपमध्ये नाही, मोबाइलमध्ये आहे. अँड्रॉइड १२ पासून ठिकाणाची परवानगी देताना 'अचूक' आणि 'अंदाजे' असे दोन पर्याय येतात. 'अंदाजे' घेतलं की अंबाजोगाई कळेल, पण वसतिगृहाची गल्ली कळणार नाही. आणि परवानगी "फक्त ॲप वापरताना" एवढीच द्यावी.

सुट्टीत गावी गेल्यावर ॲप उघडू नये, हे मी प्रत्येकीला बजावते. ॲप उघडलं की नवं ठिकाण नोंदलं जातं आणि पुन्हा उघडेपर्यंत बऱ्याच ॲपांत तेच राहतं. दिवाळीत शिरूर कासारच्या वस्तीवरून उघडलं, तर आठवडाभर ती तिथंच दिसत राहील.

४. फोटोतली पाटी सेटिंगला जुमानत नाही.

मागं स्कूटीवर MH-44 दिसलं की अंबाजोगाई, MH-23 दिसलं की बीड. कंकालेश्वराचं कुंड, परळीच्या मंदिराच्या पायऱ्या, गळ्यातली कॉलेजची पट्टी, ही सगळी ठिकाणंच आहेत. इन्स्टाग्रामवर टाकलेला फोटो इथं वापरला तर तो शोधून काढायला फार वेळ लागत नाही. यावर आणखी काही सांगायला नको.

५. 'पडताळणी झाली' म्हणजे कशाची, ते विचारा.

कोरियात मोबाइल नंबर खऱ्या नावाशी बांधलेला असतो. 본인인증 या पाटीखाली एसके टेलिकॉम, केटी किंवा एलजी यूप्लस यांच्या नोंदीवरून नाव आणि जन्मतारीख जुळवली जाते. त्यामुळे ती खूण बऱ्यापैकी भरवशाची असते. आपल्या +91 नंबराला तो रस्ता बंद आहे. म्हणजे परदेशी लोकांना ई-मेलनं आत घेणाऱ्या ॲपवर ज्या 'कोरियन' मुलाकडं ती खूण नाही, तो कोरियन आहे की कुण्या गावचा, हे ॲपलाही ठाऊक नाही. 사진 인증 ही खूण वेगळी आहे. सेल्फीतला चेहरा प्रोफाइलच्या फोटोशी जुळला, एवढाच तिचा अर्थ. लग्न झालंय का, नाव खरं का, यातलं काही ती सांगत नाही.

६. ॲप काढून टाकलं म्हणजे प्रोफाइल गेलं नाही.

परीक्षा आल्या, घरी कुणकुण लागली, की मुली घाईघाईनं ॲप मोबाइलवरून काढून टाकतात. नेमकं तेव्हा प्रोफाइल कुलपाविना उघडं राहतं, आणि ते बंद करायचं साधनही हातातून गेलेलं असतं. खातं मिटवण्याची पाटी 탈퇴 किंवा 회원탈퇴 अशी असते आणि सहसा सेटिंगच्या अगदी तळाशी, फिक्या अक्षरांत दडलेली असते. 휴면 दिसलं तर थांबावं. ते खातं झोपवणं आहे, मिटवणं नाही.

माझा क्रम असा: आधी एकेक फोटो काढायचा, ओळखीचा मजकूर पुसायचा, मग गप्पांतून बाहेर पडायचं आणि शेवटी 탈퇴. फोटो आधी काढायचे, कारण खातं मिटायला मुदत लागली तरी तोवर दाखवायला काही उरत नाही. पैसे भरून घेतलेली सोय चालू असेल तर ती गुगल प्लेमधून वेगळी बंद करावी लागते, नाहीतर दर महिन्याला पैसे कापले जात राहतात.

त्यानंतरही काही नोंदी कंपनीकडं राहतात, त्या कायद्यानंच. कोरियन कायद्यानुसार लॉग-इनच्या नोंदी ३ महिने, ग्राहकाच्या तक्रारींच्या ३ वर्षं आणि पैशांच्या व्यवहाराच्या ५ वर्षं ठेवाव्या लागतात. फोटो आणि गप्पा यांत येत नाहीत. त्या किती दिवस राहतात, हे 개인정보 처리방침 या पानावर 보유 기간 या रकान्यात लिहिलेलं असतं. याच पानाच्या शेवटाकडं 개인정보 보호책임자 म्हणजे माहितीच्या रक्षणाला जबाबदार माणसाचा संपर्क, बहुधा ई-मेल, असतो. तो देणं तिथल्या कंपन्यांना बंधनकारक आहे. पत्र साध्या इंग्रजीत चालतं. नोंदणीचा ई-मेल, ॲपवरचं टोपणनाव, खातं मिटवल्याची तारीख आणि फोटो व गप्पा पुसून तसं कळवण्याची विनंती, एवढं पुरे. ओळख पटवायला आधार मागितलं तर पाठवायचं नाही. नोंदणी ज्या ई-मेलनं झाली, त्याच ई-मेलवरून पत्र पाठवलं आहे हे दाखवून द्यायचं.