रॉडसोबतची चिठ्ठी

निफाडच्या बाजारपेठेत ज्यांच्याकडून मी वायर-बल्ब घेतो, त्या दुकानदारांनी एका दिवाळीनंतर पाणी तापवायच्या रॉडचं माहितीपत्रक माझ्या हातात ठेवलं. "सर, आपल्याकडे रॉड नेणारे निम्मे लोक द्राक्षबागांवर कामाला आलेले, पेठ-सुरगाण्याकडचे. हे इंग्रजी कोण वाचणार? धोक्याच्या सूचना तेवढ्या मराठीत करून द्या. झेरॉक्स काढून प्रत्येक रॉडसोबत देईन." मी आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलेला माणूस. एका संध्याकाळी बसून काम संपवलं आणि ते नीट झालं असंच समजलो.

पाण्याला हात लावण्याआधी रॉडचा विजेशी असलेला संबंध पूर्ण तोडावा, अशी त्यात एक सूचना होती. मी लिहिलं, 'वीजपुरवठा खंडित केल्याशिवाय पाण्यास स्पर्श करू नये.' व्याकरण शुद्ध होतं, अर्थही बरोबर होता.

पुढच्या थंडीत दुकानदारांनी मला बोलावून घेतलं. एक बाई मुलाला घेऊन आल्या होत्या. त्यांच्या पायावर भाजल्याचा मोठा डाग होता. पहाटे बादलीत रॉड लावलेला असताना लाइट गेली होती. पाणी कितपत तापलंय ते बघायला त्यांनी बोटं घातली आणि तेवढ्यात लाइट आली. झटका बसून हात मागे फेकला गेला, बादली कलंडली आणि गरम पाणी पायावर आलं. वाचल्या, हे नशीब. मी विचारलं, "ताई, पिन काढली नव्हती का?" त्यांचा आठवीतला मुलगा म्हणाला, "सर, चिठ्ठीत लिहिलंय ना, वीजपुरवठा खंडित झाल्यावर हात घालायचा. तेव्हा खंडितच होता."

मुलाचं काही चुकलं नव्हतं. 'वीजपुरवठा खंडित' हे शब्द आपण कुठे वाचतो? पेपरात, फोनवर येणाऱ्या संदेशात. तिथे त्यांचा एकच अर्थ असतो, लाइट गेली. ती कुणी मुद्दाम घालवत नाही, आपोआप जाते आणि आपोआप येते. मी 'केल्याशिवाय' लिहिलं होतं, त्याने 'झाल्यावर' वाचलं, कारण त्या शब्दांपुढे 'झाला' हेच त्याने आजवर पाहिलं होतं. शब्दकोशात बरोबर असलेला माझा शब्द त्या घरात दुसऱ्याच गोष्टीचं नाव होता.

त्यांच्या बादलीत वीज उतरली कशी, हेही मी नंतर वायरमनकडून समजून घेतलं, कारण त्याशिवाय नवी चिठ्ठी लिहिणं म्हणजे पुन्हा अंदाजाने लिहिणं झालं असतं. चांगल्या रॉडमध्ये वीज वाहणारी तार आतल्या भुकटीने नळीपासून वेगळी ठेवलेली असते. नळीला बारीक चीर गेली की आत पाणी शिरतं आणि वीज पाण्यात उतरते. अशा वेळी तिसऱ्या पिनेतून जाणारं अर्थिंग माणसाला वाचवतं. या घरात सॉकेट दोन भोकांचं होतं, म्हणून थ्री पिनला जोड लावलेला. अर्थिंग तिथेच संपलं होतं. नुसतं बटण बंद करणंही का पुरत नाही, तेही तेव्हा कळलं. फिटिंग उलटं झालं असेल, तर बटण न्यूट्रल तोडतं आणि फेज तसाच रॉडपर्यंत पोचलेला राहतो. पिन बाहेर आली की मात्र शंका उरत नाही, आणि ती बाहेर आलेली डोळ्यांना दिसते. म्हणून नव्या चिठ्ठीत मी 'खंडित' काढून टाकलं आणि लिहिलं, 'पिन बाहेर दिसली की मगच पाण्यात बोट.' त्याखाली आणखी एक ओळ घातली, जी मूळ पत्रकात नव्हती: 'लाइट गेली तरी पिन काढा.' हे माहितीपत्रक लिहिणाऱ्याच्या गावी पहाटे लाइट जात नसावी. आपल्याकडे जाते.

जुनी चिठ्ठी पुन्हा बघताना दुसरी गोष्ट ध्यानात आली, आणि ती जास्त अस्वस्थ करणारी होती. दुकानदार एका कागदावर चार चिठ्ठ्या छापून कात्रीने कापत. एका चिठ्ठीची उजवी कड जरा जास्त कापली गेली होती आणि एक ओळ उरली होती, 'रॉड पाण्याबाहेर असताना बटण चालू करू'. 'नये' कात्रीखाली गेलं होतं. इंग्रजीत मनाई वाक्याच्या सुरुवातीलाच येते, मराठीत ती शेवटी येते. कागद फाटला, दुमडला, ओला झाला की पहिली जाते ती मनाई आणि मागे उरतो तो उलटा सल्ला. अडखळत वाचणाराही शेवटच्या शब्दापर्यंत पोचेलच असं नाही. म्हणून जमेल तिथे मी मनाईचं वाक्य मोडून कृती लिहिली, हात ज्या क्रमाने चालतात त्याच क्रमाने: 'आधी रॉड पाण्यात, खुणेपर्यंत. मग पिन. मग बटण.' यातला कुठलाही शब्द गळला तरी उरलेलं वाक्य कुणाला धोक्यात ढकलत नाही.

पण लोक बोट घालतात तरी का? पाणी तापलं की नाही ते कळायला दुसरा मार्ग नसतो म्हणून. पत्रकात वेळ दिलेली नव्हती. पंधरा लिटरची बादली, थंडीतलं पंधरा अंशांचं पाणी आणि १५०० वॅटचा रॉड धरला, तर बेचाळीस अंशांपर्यंत जायला साधारण वीस मिनिटं लागतात. मी घरी घड्याळ लावून बघितलं, तेवढीच लागली. मग चिठ्ठीत आलं, 'वीस मिनिटं थांबा.' माझ्या मते सगळ्या चिठ्ठीत कामाची ओळ हीच, कारण ती बोट घालण्याची गरजच काढून टाकते.

एवढं झाल्यावरही मी ती लगेच छापू दिली नाही. "समजलं का?" असं विचारलं की काउंटरसमोरचा प्रत्येक माणूस मान डोलावतो. त्याऐवजी दुकानदारांनी रिकामी बादली आणि सॉकेटला न लावलेला रॉड पुढे ठेवायचा आणि गिऱ्हाइकाने चिठ्ठी वाचून करून दाखवायचं, असं ठरवलं. तिसऱ्याच पोराने आधी रॉड बाहेर काढला, मग पिन काढली. मी लिहिलं होतं, 'रॉड काढण्याआधी पिन काढा.' दोन्हीकडे 'काढा', आणि कानावर आधी पडतो तो रॉड. वाक्य फिरवलं आणि क्रियापद वेगळं केलं: 'बटण बंद. पिन काढा. थोडं थांबा. मग रॉड उचला.' थांबायचं ते का, हेही दुकानदार तोंडी सांगतात. नळी तापलेली असते, ती पाण्यातच निवू द्यायची. त्यानंतर चूक करणारा कुणी निघाला नाही, तेव्हा छापलं.

यंदा दुकानात १००० वॅटचेही रॉड आले आणि दुकानदारांनी त्यांनाही तीच चिठ्ठी लावली. त्या रॉडला तेवढंच पाणी तापवायला जवळपास अर्धा तास लागतो. विसाव्या मिनिटाला पाणी कोमटच वाटणार आणि बोट पुन्हा बादलीत जाणार. आता काउंटरखाली दोन गठ्ठे आहेत, वॅटचा आकडा वर मोठा लिहिलेला. चिठ्ठी खोक्यात टाकत नाहीत, पिनेलाच रबराने गुंडाळतात. ती सोडवल्याशिवाय पिन सॉकेटमध्ये जात नाही.