छपराचा उतार आणि कौलांचा हिशेब

शाळेची वर्गखोली ९ मीटर लांब व ६ मीटर रुंद आहे; एका चौरस मीटरला १५ मंगळुरी कौले लागतात; तर छपरास एकूण किती कौले लागतील? असे उदाहरण फळ्यावर घातले, तर बहुतेक विद्यार्थी ९ गुणिले ६ म्हणजे ५४ चौरस मीटर आणि ८१० कौले असे उत्तर देतील. गुणाकार बिनचूक आहे. परंतु या हिशेबाने कौले आणली, तर निम्म्याहून थोडे अधिक छप्पर होऊन काम थांबेल. उणीव सहसा पावसाच्या तोंडावर ध्यानी येते आणि मग दुसऱ्या कारखान्याची कौले आणावी लागतात. मंगळुरी कौलाच्या खाचा व कंगोरे प्रत्येक कारखान्याच्या साच्याप्रमाणे थोडे भिन्न असतात. दोन साच्यांची कौले एकमेकांत नीट बसत नाहीत व त्या जोडावर खोली गळते. म्हणून हा हिशेब आरंभीच नेमका करणे भाग आहे.

वरील उत्तरात दोन गोष्टी सुटल्या आहेत. छप्पर भिंतीबाहेर आलेले असते, ही पहिली. आणि ते उतरते असते, ही दुसरी. विद्यार्थ्यांना उताराची शंका लवकर येते, वळचणीची येत नाही. वस्तुतः पुष्कळदा वळचणीनेच क्षेत्रफळ अधिक वाढते.

आपल्या खोलीचे छप्पर चारही बाजूंस ६० सेंटिमीटर बाहेर आले आहे असे समजू. लांबी ९ ऐवजी १०.२ मीटर होईल व रुंदी ६ ऐवजी ७.२ मीटर. आडव्या प्रतलावर छपराने व्यापलेली जागा ७३.४४ चौरस मीटर भरते. उताराचा विचार करण्यापूर्वीच ५४ चे ७३ झाले, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून अधिक वाढ झाली. ही मापे घेण्यासाठी छपरावर चढण्याचे कारण नाही व विद्यार्थ्यांना चढू देऊही नये. पागोळ्यांनी जमिनीवर पाडलेल्या दोन चरांमधील अंतर मोजले की रुंदी मिळते. आढ्याच्या दोन टोकांकडे, जेथे त्रिकोणी भिंती असतात, तेथे पागोळ्या पडत नाहीत. त्या बाजूंस छपराच्या कडेपासून ओळंबा सोडून जमिनीवर खूण करावी.

आता उतार. सुताराला विचारले तर तो अंश सांगणार नाही. इतक्या आडव्या अंतरास इतकी चढण, असे सांगेल. आपल्या हिशेबालाही हीच भाषा सोयीची आहे. एक मीटरची काठी पाणसळीने आडवी धरून तिचे एक टोक वाशाला खालून टेकवावे आणि दुसऱ्या टोकापासून वाशापर्यंतचे उभे अंतर मोजावे. ते ७५ सेंटिमीटर भरले, तर उतार ४ ला ३ आहे. आडवे ४, उभे ३, म्हणून तिरपे ५. आडव्या अंतराला ५/४ म्हणजे १.२५ ने गुणले की वाशावरून मोजलेली लांबी येते. एका पाख्याचे आडवे अंतर ७.२ चे अर्धे, ३.६ मीटर, म्हणून पाख्याची तिरपी लांबी ४.५ मीटर. दोन्ही पाख्यांचे क्षेत्रफळ २ गुणिले १०.२ गुणिले ४.५, म्हणजे ९१.८ चौरस मीटर झाले.

पायथागोरसचा सिद्धान्त न शिकलेल्या वर्गालाही हे करता येते. चौकटीच्या कागदावर ३० सेंटिमीटरला १ सेंटिमीटर असे प्रमाण धरून १२ सेंटिमीटर आडवी व तिच्या टोकाशी ९ सेंटिमीटर उभी रेघ काढावी. तिरपी बाजू पट्टीने मोजली की १५ सेंटिमीटर भरते. तिला ३० ने गुणले की ४५० सेंटिमीटर.

एक चूक मात्र हुशार विद्यार्थीही करतात. आपल्या खोलीचे आढे भिंतीच्या माथ्यापासून २.२५ मीटर उंच आहे. विद्यार्थी ही उंची घेतो आणि आडवे अंतर मात्र वळचणीपर्यंतचे ३.६ मीटर घेतो. २.२५ ची उंची भिंतीपर्यंतच्या ३ मीटर अंतराची आहे. वळचणीचे टोक भिंतीच्या माथ्याहून आणखी ४५ सेंटिमीटर खाली गेलेले असते. या मिश्रणातून तिरपी लांबी सुमारे ४.२५ मीटर येते व प्रत्येक पाख्यावर कौलांची एक ओळ कमी पडते. उत्तर दिसायला पटण्याजोगे असल्यामुळे ही चूक लवकर उमगत नाही. आकृतीत भिंतीची रेघ काढून ठेवली, तर ती लगेच दिसते.

क्षेत्रफळाला १५ ने गुणले तर १३७७ कौले येतात. तथापि कौले ओळीने बसतात आणि ओळ अर्धी नसते. आपल्याकडील कौल ४१ सेंटिमीटर लांब असून, रिपांवर बसल्यानंतर त्याचा ३२ सेंटिमीटर लांब व २१ सेंटिमीटर रुंद भागच उघडा राहतो असे धरू. (ही मापे चार-सहा कौले अंगणात एकमेकांत बसवून स्वतः घ्यावीत, सर्व कारखान्यांची ती सारखी नसतात.) वळचणीपासून आढ्यापर्यंत १४ ओळी केल्या, तर १३ गुणिले ३२ अधिक शेवटच्या कौलाचे ४१, मिळून ४५७ सेंटिमीटर झाकले जातात, ४५० ला ते पुरेसे आहे. १०.२ मीटर लांबीत ४८.६, म्हणजे ४९ कौले. एका पाख्यास ६८६ व दोन्हींस १३७२. फूटतूट शेकडा ५ धरून सुमारे १४४० मागवावीत. आढ्यावरची कौले निराळी मोजावी लागतात; एकाने ३८ सेंटिमीटर आढे झाकले जात असेल, तर २७ लागतील.

उतार कमी करून २ ला १ केला तर? गुणक १.११८ येतो, पाख्याची लांबी ४.०२ मीटर होते व क्षेत्रफळ ८२.१ चौरस मीटर. क्षेत्रफळावरून १२३२ कौले येतात. परंतु १२ ओळींत ३९३ सेंटिमीटरच झाकले जातात, म्हणून १३ ओळी घ्याव्या लागतात आणि संख्या १२७४ होते. येथे केवळ क्षेत्रफळावर विसंबणारा ४२ कौलांनी कमी पडेल.

पन्हळी पत्र्याच्या बाबतीत हा फरक फार मोठा होतो. पत्रा २.५ मीटर लांब व ८० सेंटिमीटर रुंद आहे. बाजूचा चढाव वजा जाता ७० सेंटिमीटर रुंदी झाकतो व खालवर १५ सेंटिमीटर चढाव ठेवायचा आहे. क्षेत्रफळाने भागले, तर ९१.८ भागिले २, म्हणजे ४६ पत्रे पुरतील असे वाटते. प्रत्यक्षात लांबीत १५ रांगा लागतात. प्रत्येक रांगेत दोन पत्रे मिळून ४.८५ मीटर झाकतात. म्हणून एका पाख्यास ३० व दोन्हींस ६० पत्रे हवेत. २ ला १ उतारालाही दोनच पत्रे लागतात, म्हणजे संख्या ६० च राहते. जास्तीचा भाग कापला जातो किंवा चढावात जातो. उतार वाढवून १ ला १ केला, की पाख्याची लांबी ५.०९ मीटर होते, दोन पत्रे २४ सेंटिमीटरने अपुरे पडतात आणि ६० चे एकदम ९० होतात. असे दिसताच अधिक लांबीचा पत्रा बाजारात मिळतो का ते पाहावे. ३ मीटरचा एक व २.५ मीटरचा एक अशी जोडी ५.३५ मीटर झाकते आणि संख्या पुन्हा ६० वर येते.