उद्या तो कामावर येतोय

बाळा, तुझ्या शेजारच्या काउंटरवरचा तो मुलगा वडिलांचा तेरावा आटोपून उद्या शाखेत येतोय ना? मग आधी साहेबांना सांग, उद्याचा दिवस त्याला काउंटर देऊ नका, मागच्या टेबलावर बसवा. त्यानं मुंडण केलं असेल. समोरचा ग्राहक सहज हसून विचारतो, "काय, तिरुपतीला जाऊन आलात वाटतं?" आणि दर वेळी त्याला "वडील गेले" हे शब्द परक्या माणसापुढे उच्चारावे लागतात. हे मी पाहिलंय, म्हणून सांगते.

तो आला की जवळ जा आणि एवढंच म्हण, "काकांचं कळलं रे, फार वाईट वाटलं." मग थांब. तो बोलला तर ऐक, नाही बोलला तर चहा मागव. "कसे गेले?" हे विचारू नकोस. तेरा दिवस घरी आलेल्या प्रत्येकाला त्यानं पहिल्यापासून तेच सांगितलंय. त्याला सांगावंसं वाटलं तर मात्र फोन वाजला तरी उठू नकोस.

"वय झालंच होतं", "सुटले बिचारे" हे त्याच्या घरच्यांनी म्हणावं, आपण नाही. "आता आईला तूच बघायचंस" हेही नको. ते ओझं त्याला ठाऊक आहे. आणि आपल्या घरातल्या मृत्यूची गोष्ट त्या दिवशी काढूच नये. नाहीतर तोच आपलं सांत्वन करत बसतो.

"काही लागलं तर सांग" म्हटलं की कुणी सांगत नाही. त्यापेक्षा नेमकं विचार. मृत्यू घरीच झाला असेल तर 21 दिवसांच्या आत नोंद करावी लागते, म्हणजे आता आठवडाच उरलाय. दवाखान्यात झाला असेल तर तिथूनच कळवतात. नंतर बँक, विमा, पेन्शन सगळीकडे दाखल्याच्या प्रती लागतात. म्हणून म्हण, "दाखल्यासाठी जायचं असेल तर सांग, अर्धा दिवस तुझं काम मी बघते." हे दुपारी, तो जरा स्थिरावल्यावर.

कामाचंही तसंच. काय झालं, काय राहिलं, कशावर त्याचीच सही हवी, हे एका कागदावर लिहून दे. "तू नव्हतास तर आमचे फार हाल झाले" हे मात्र चुकूनही बोलायचं नाही.

कुणी वाढदिवसाचे पेढे आणले तर त्याला वगळू नका, डबा पुढे करा. काही घरांत वर्षभर गोडधोड, सण करत नाहीत. तो नको म्हणाला तर आग्रह न करता पुढे जायचं.

हे सगळं शाखेतल्या बाकीच्यांना आज संध्याकाळीच सांग. उद्या तो दारात उभा असताना कुजबुज नको.